निबंध परत देताना : तीन चुका

(इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याच्या निबंधासोबत दिलेली ही चिठ्ठी. त्याच्या व पालकांच्या संमतीने, नाव वगळून छापली आहे.)

चि. विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

'साधनकेरीची सहल' हा तुझा निबंध तपासून परत देत आहे. वर्णन चांगले आहे, अक्षरही सुवाच्य आहे. तरीही लाल शाईच्या एकोणीस खुणा पाहून घाबरू नकोस. चुका मुळात तीनच आहेत, त्या पुन्हा पुन्हा आल्या आहेत. आणि तिन्ही निष्काळजीपणाच्या नाहीत. तुझी ती वाक्ये कन्नडात नेली तर त्यांची रचना बरोबर ठरेल.

पहिली चूक सर्वांत जास्त, नऊ वेळा. 'आम्ही बेंद्र्यांचे घर पाहिलो', 'मी पेढा खाल्लो'. कन्नडात 'नानु पेढा तिंदे' म्हणताना क्रियापद 'नानु'च्या मागे जाते. मराठीत भूतकाळी, कर्म असलेले क्रियापद बहुधा कर्माच्या मागे जाते. म्हणून पेढा खाल्ला, भजी खाल्ली, घर पाहिले. खाणारा तूच, पण रूप ठरवतो पेढा.

गंमत अशी, की 'सरांनी माहिती सांगितली' हे तू अचूक लिहिले आहेस. तिथे 'नी' डोळ्यांना दिसतो आणि क्रियापद सरांच्या मागे जात नाही. 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना तो प्रत्यय दिसत नाही, आणि तुझ्या नऊही चुका 'मी' आणि 'आम्ही'च्याच वाक्यांत आहेत. यावर उपाय सोपा आहे. 'मी'च्या जागी मनातल्या मनात 'रमेश' घाल. 'रमेशने पेढा खाल्ला' असेच म्हणावे लागते ना? 'ने' आला, म्हणजे 'मी खाल्लो' चुकले.

हीच कसोटी अपवादही दाखवते. 'रमेश चहा प्यायला', 'रमेश धडा शिकला', 'रमेश छत्री विसरला' यांत 'ने' येत नाही. म्हणून 'मी छत्री बसमध्येच विसरलो' हे तुझे वाक्य बरोबर आहे. त्यावर मी काट मारलेली नाही. (छत्री मिळाली का?)

दुसरी चूक लिंगाची, सहा वेळा. 'आमचे बस उशिरा आले', 'तिथले भिंत ओले होते'. कन्नडात पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. अर्थ कळला की लिंग कळले. मराठीत भिंत ती, दगड तो आणि झाड ते. कारण विचारून उपयोग नाही. मात्र शेवटी 'अ' असलेल्या शब्दांना अनेकवचन विचारून पाहा. एक दगड, दोन दगड : बदल नाही, तर पुल्लिंग. एक झाड, दोन झाडे : नपुंसकलिंग. भिंत-भिंती, वीट-विटा : स्त्रीलिंग. इंग्रजीतून आलेल्या शब्दांना हा उपाय नेहमी लागू पडत नाही. 'बस' ही गाडी म्हणून ती झाली. 'पेन' मात्र कोणी तो म्हणतात, कोणी ते. तिथे मी गुण कापत नाही. लिंग चुकले की त्याच्यामागे 'आमचे' आणि 'आले' दोन्ही चुकतात, पण ती मी एकच चूक धरली आहे.

तिसरी चार ठिकाणी आहे, आणि तिला चूक म्हणताना मी थोडा थांबलो. 'उशीर झाला म्हणून ड्रायव्हरकाकांनी सांगितले.' कन्नडातल्या 'अंत'च्या जागी तू 'म्हणून' ठेवतोस. 'येतो म्हणून सांग' असे मराठीतही बोलतात. पण तुझ्या वाक्याचे दोन अर्थ होतात. काकांनी उशीर झाल्याचे सांगितले, की उशीर झाल्यामुळे आणखी काही सांगितले? बोलताना आवाजावरून कळते, कागदावर कळत नाही. म्हणून लिहिताना 'काकांनी सांगितले की उशीर झाला' किंवा 'उशीर झाला असे काकांनी सांगितले' असे लिही. कारण सांगायचे असेल तेव्हाच 'म्हणून' वापर.

पालकांनी चिठ्ठी वाचली तर एक विनंती. घरी 'मी खाल्लो' म्हटल्याबद्दल मुलाला हसू नये. हुबळी-धारवाडच्या अनेक मराठी घरांत हे असेच बोलले जाते, आणि त्या बोलण्यात काही उणे नाही. परीक्षेच्या कागदावर मात्र प्रमाण मराठी लागते. ज्यांचे घर तुम्ही पाहिले, त्या द. रा. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी होती आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले.

सगळा निबंध पुन्हा लिहू नकोस. खूण केलेली एकोणीस वाक्येच वहीच्या डाव्या पानावर जशीच्या तशी उतरव आणि उजव्या पानावर दुरुस्त कर. 'मी' आणि 'आम्ही'च्या वाक्यांपुढे रमेशचे वाक्यही लिही. वही गुरुवारी आण.

तुझे,
मराठीचे शिक्षक