बंद घराच्या शेजारचं घर

संस्थेच्या साहेबांनी अहवालातल्या एका पानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "परिस्थिती सुधारली." वडवणी तालुक्यात गर्भाशय काढलेल्या महिलांचं प्रमाण फारच कमी आढळलं, असा निष्कर्ष होता. मी शंका काढली, तर सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, "ताई, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही." ते अजून सलतं, कारण उत्तर त्याच फोटोत होतं.

पाहणी जानेवारीत, ४०० घरं, आणि पुढे, "घर बंद असल्यास शेजारचे घर घेतले." जानेवारीत आमच्याकडे कोयता गावात असतो का? उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागेच कारखान्यांवर जातात, त्या पट्टा पडल्यावरच परततात. ज्या बायकांच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, नेमक्या त्याच घरी नव्हत्या. त्यांच्या जागी शेजारणी मोजल्या गेल्या.

समजा १००० घरांतली ४०० ऊसतोडीची, प्रत्येक घरात एक बाई. त्यांच्यात शस्त्रक्रिया शंभरी २०, बाकीच्यांत शंभरी ५. मग खरा आकडा ११ टक्के. बंद घरं वगळली की तोच ५ टक्के दिसतो. पाहणीत घरं ४०० ऐवजी ४००० घेतली तरी चूक तेवढीच राहते. म्हणून असा फोटो आला की आधी महिना बघा, मग बंद घरांचं काय केलं ते बघा. किती दारं वाजवली आणि किती बंद होती, हे पानावर नसेल तर पूर्ण अहवाल मागा. मी मागितला होता. मिळाला नाही.

पुढच्या पाहणीसाठी "क्लस्टर घेऊ, चार गावं पूर्ण करू, पेट्रोल वाचेल" असं ठरत होतं. प्रत्येक गाव तालुक्याची छोटी प्रतिकृती असेल तर क्लस्टर चालतं. इथे अख्खा तांडा एकाच मुकादमाबरोबर जातो, म्हणजे एका तांड्यातली घरं एकसारखी. हे साम्य ०.०५ इतकं थोडं धरलं, तरी चार गावांत शंभर-शंभर घरं घेतल्यावर ४०० घरांची किंमत सुटी निवडलेल्या साधारण ६७ घरांइतकीच उरते. वीस गावांत वीस-वीस घेतली तर ती २०५ पर्यंत जाते.

त्यापेक्षा स्तरित नमुना बरा. त्यात ऊसतोडीची आणि बाकीची घरं आधीच वेगळी करून दोन्हींतून घरं घ्यायची. पण त्याला घरांची यादी लागते, आणि प्रत्येक घराचा गट माहीत लागतो. ती यादी आशाताईंना विचारून गावोगाव करावी लागते, हे साहेबांना जड जातं. संपूर्ण तालुक्याची यादी होत नसेल, तर तांडे आणि गावं हे दोन स्तर करा, प्रत्येकातून चिठ्ठीने पुष्कळ वस्त्या काढा, आणि यादी फक्त तेवढ्यांचीच करा. दोन स्तरांतून सारख्याच संख्येने घरं घेतली असतील, तर एकत्र टक्केवारी काढताना प्रत्येक स्तराला त्याच्या खऱ्या संख्येइतकं वजन द्या.

आणि पाहणी मे महिन्यात करा. तेव्हाही कुलूप दिसलं तर शेजारी वळू नका, संध्याकाळी परत जा. तरीही भेट झाली नाही, तर वहीत "बंद" लिहा.