महिन्यात उजळलेला चेहरा

प्रश्न : मी २४ वर्षांची, निघोज्यातल्या कारखान्यात पाळीवर काम करते. घरात माझ्या लग्नाचं बघतायत. पार्लरमधून बिनलेबलची डबी आणली, महिन्यात रंग उजळला. आता सकाळी पाय सुजतात, लघवीला फेस येतो. क्रीम चालू ठेवू का?

उत्तर : ताई, क्रीम आजच बंद करा, पण डबी फेकू नका. तपासायला ती लागेल.

२०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडल्याचं मुंबईच्या केईएममध्ये उघड झालं. क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतलं रंगद्रव्य बनवणारं विकर अडवतो, म्हणून रंग झटपट उतरतो. पण तो त्वचेतून रक्तात मुरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी सैल होते. प्रथिनं लघवीत जातात. फेस आणि सूज त्यामुळेच. सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला आपल्याकडे बंदी आहे.

याच आठवड्यात लघवीतली प्रथिनं, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पारा तपासून मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. वेळीच थांबल्यास बहुतेकांची मूत्रपिंडं सावरतात, काहींना औषधं लागतात. क्रीम सुटल्यावर चेहरा पुन्हा सावळा होईल. तो आजार नव्हे.

दंडाची आतली बाजू आरशात चेहऱ्याशेजारी धरा. तुमचा मूळ रंग तोच. चेहरा त्याच्या जवळपास असेल, डाग-खाज नसेल, तर त्वचा निरोगी. वांगाचे डाग असतील तर त्वचारोगतज्ज्ञ आहेत. मूळ रंगाहून गोरं करणारं सुरक्षित क्रीम मात्र माझ्याकडे नाही, स्थळ कितीही चांगलं असलं तरी.