कुत्र्याच्या जखमेतील अळ्या

प्रश्न : कुत्र्याच्या मानेवरील जखमेत अळ्या दिसल्या. टर्पेंटाइन ओतावे काय?
— एक वाचक, कुंभकोणम

उत्तर : टर्पेंटाइन, फिनेल, रॉकेल यांपैकी काहीही ओतू नये, त्याने उघडे मांस भाजते व चाटल्यास ते पोटात जाते. कुत्र्यास धाप वा ओकारी नसल्यास तोंड मऊ पट्टीने बांधून, भोवतालचे केस कातरून, उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ विरघळवून त्याच्या धारेने जखम धुवावी, वर आलेल्या अळ्या चिमट्याने सबंध उचलाव्यात आणि स्वच्छ कापड सैल गुंडाळून तडक पशुवैद्यकाचा दवाखाना गाठावा.

ही निकड अकारण नव्हे. कावेरीकाठच्या उष्ण, दमट हवेत माशीने जखमेच्या कडेस घातलेली अंडी बहुधा 12 ते 24 तासांत फुटतात, आणि ‘क्रायसोमिया बेझियाना’ या जातीच्या अळ्या तर जिवंत मांस पोखरीत, डोके आत व श्वसनाची छिद्रे असलेले शेपटाचे टोक बाहेर ठेवून राहतात. म्हणजे आपणांस दिसतात ती केवळ टोके, आणि कातडीखालचे कप्पे भूल दिल्यावाचून सहसा साफ होत नाहीत. आयव्हरमेक्टिनही परस्पर देऊ नये. कोलीसारख्या काही जातींस ते प्राणघातक ठरू शकते. हिरड्या फिक्या पडून जनावर सुस्तावले असेल, तर धुण्यातही वेळ दवडू नये.