कागद पुसायचा नसतो, मोजायचा असतो

चाकणचा संग्रामदुर्ग म्हणजे 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध झुंजवलेला भुईकोट. आता थोडे बुरूज आणि थोडी तटबंदी उरली आहे. मी चाकणच्या कारखान्यात कामाला, राहायला भोसरीत. एका सुट्टीच्या सकाळी तिथे बसून एका बुरजाचं पेन्सिलीनं चित्र काढलं. आमच्या ट्रेकवाल्या मंडळींना ते आवडलं. म्हणाले, भगव्या फ्लेक्सवर छापू, सहा बाय चार फुटांचा.

रात्री घरी ट्यूबलाइटखाली मोबाइलनं फोटो काढला. GIMP उघडून थराला Alpha Channel जोडला, Fuzzy Select नं पांढऱ्यावर टिचकी मारली आणि Delete दाबलं. स्क्रीनवर चित्र सुटं झाल्यासारखं दिसलं. फ्लेक्स छापून आला तेव्हा प्रत्येक रेघेला मळकट पांढरी किनार होती. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात राखाडी डाग होता आणि आकाशातली हलकी छटा गायब होती. फ्लेक्सवाल्याची चूक नव्हती. त्यानं माझी फाइल जशीच्या तशी छापली होती.

चूक शोधायला मी फोटोतले आकडे पाहिले. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. दिव्याजवळचा कोरा कागद 225 होता, लांबच्या कोपऱ्यातला कोरा कागद 160. दिव्याजवळची फिकी रेघ मात्र 190. म्हणजे एका कोपऱ्यातला कागदच दुसऱ्या कोपऱ्यातल्या रेघेपेक्षा काळा! ‘इतक्यापेक्षा उजळ ते पुसा’ असा कुठलाही एक आकडा इथे चालणार नव्हता.

पण भागाकार करून बघा. 190 भागिले 225 म्हणजे सुमारे 84 टक्के. कोपऱ्यात त्याच दाबानं ओढलेली रेघ 135 होती. 135 भागिले 160, तेही 84 टक्के. रेघ किती काळी आहे, यापेक्षा तिच्या शेजारच्या कागदाच्या मानानं किती काळी आहे, हे महत्त्वाचं. म्हणून आधी कागद मोजावा लागतो.

त्यासाठी मी आता दोन फोटो काढतो. मोबाइल स्टँडवर पक्का बसवतो, चित्राचा फोटो घेतो. मग काहीही न हलवता त्याच वहीतला कोरा कागद त्याच जागी ठेवून दुसरा. उजेड आणि एक्स्पोजर दोन्ही वेळा तेच हवं. फ्लॅश अजिबात नको. शिसं चमकतं, आणि चमकलेली गडद रेघ फोटोत पांढरी होते. ती नंतर कशानंही परत येत नाही.

GIMP मध्ये चित्राचा थर खाली, कोऱ्या कागदाचा वर. वरच्या थराला थोडा Gaussian Blur द्यायचा, म्हणजे त्याचा खरखरीतपणा जातो. मग त्याचा Mode बदलून Divide करायचा. पिवळट झाक आणि सावली एका झटक्यात जातात. थर एकत्र करून Levels मध्ये उजवीकडची खूण किंचित आत घ्यायची, कागदाचे कण नाहीसे होईपर्यंतच. त्यापुढे ओढली, की फिक्या रेघाही जातात.

कोऱ्या कागदाचा फोटो नसेल, तर चित्राच्याच थराची प्रत काढून तिला Median Blur द्या. Radius रेघेच्या जाडीपेक्षा बराच मोठा आणि Percentile 90 च्या आसपास ठेवा, म्हणजे रेघा विरून कागद उरतो. पण बोटानं पसरवलेली रुंद छटा यात कागद समजली जाते आणि पुसट होते. शाईच्या सुट्या रेघांना ही युक्ती पुरते, पेन्सिलीच्या छायेला नाही.

आता किनारीचं. रेघेच्या कडेचा ठिपका अर्धा शिसं, अर्धा कागद असतो. Fuzzy Select तो एक तर पूर्ण ठेवतं किंवा पूर्ण काढतं. ठेवला तर त्यातला अर्धा कागदही राहतो, आणि भगव्यावर तोच मळकट दिसतो. म्हणून Colors मधलं Color to Alpha घ्यायचं, रंग पांढरा. ते ठिपका कापत नाही. त्यातलं पांढरं काढून घेतं आणि उरलेल्या काळ्याला अर्धपारदर्शक करतं. मग भगवा रंग रेघेतून झिरपतो, जसा कागदावर पांढरा झिरपत होता. निळ्या शाईचा निळा रंगही टिकतो.

छापायला देण्याआधी खाली भडक भगवा थर टाकून चित्र पूर्ण मोठं करून बघा. पांढऱ्यावर किंवा GIMP च्या राखाडी चौकटींवर किनार लपते. माझी तिथेच लपली होती. फाइल PNG करा, कारण JPEG मध्ये पारदर्शकता राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसऱ्या फ्लेक्सचे पैसे मी भरले. पहिला आता पावसाळ्यात गाडीवर घालतो; त्यावरची पांढरी किनार लांबूनही दिसते.