रेडिओथेरपीचा सारांश : खर्च किती, मागायचा कसा, तपासायचा कसा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत रेडिओथेरपीचे यंत्र नाही. शेक घेणाऱ्याला पाच-सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस पणजीच्या बाजूला जावे लागते, नाहीतर बेळगाव-मुंबई गाठून तिथे राहावे लागते. एवढी यातायात केल्यावर घरी अनेकदा येते ती फक्त ‘रेडिएशन पूर्ण’ अशी एक ओळ. पुढच्या डॉक्टरला ती ओळ पुरत नाही. त्याला हवा असतो उपचाराचा सारांश : शरीराच्या कोणत्या भागाला शेक दिला, एका वेळी किती ग्रे, किती वेळा, एकूण किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्रास काय झाला.

खर्चाचे आधी सांगतो. सारांश हा उपचाराचाच भाग आहे. शेवटच्या शेकाच्या दिवशी मागितला तर झेरॉक्सपलीकडे सहसा काही लागू नये. स्कॅन आणि आखणीच्या फायली हव्या असतील तर सीडी किंवा पेनड्राइव्हचे पैसे पडतील. दर काउंटरवर आधी विचारा आणि पावती घ्या. खरा खर्च होतो तो विसरून नंतर मागायला गेल्यावर. पेडण्याहून म्हापसा, पणजी अशा बसगाड्या बदलत बांबोळीला जायचे आणि परतायचे, म्हणजे रुग्णाचा आणि सोबत्याचा अख्खा दिवस, सोबत्याची मजुरी बुडणार ती वेगळीच. म्हणून उपचाराचा शेवटचा आठवडा सुरू झाला की अर्ज देऊन ठेवा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर उपचार झाला असला तरी योजनेच्या दाव्याचे कागद म्हणजे सारांश नव्हे. तो वेगळा मागावा लागतो.

सारांश तयार होतो रोजच्या नोंदपत्रिकेवरून. तिच्यात प्रत्येक शेकाची एक ओळ असते : तारीख, फ्रॅक्शनचा क्रमांक, त्या दिवसाची मात्रा, आतापर्यंतची बेरीज आणि तंत्रज्ञाची सही. आठवड्यातून एकदा डॉक्टर वजन, तोंडाची-कातडीची अवस्था आणि त्रासाची श्रेणी लिहितात. सारांश मिळाला की या ओळींशी ताडून पाहा.

एक नमुना घेऊ. समजा डिचोलीच्या एका माणसाची गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर 2 ग्रेचे 30 शेक, म्हणजे 60 ग्रे ठरले. सुरुवात 6 जानेवारी 2025, सोमवारी. सगळे सुरळीत झाले असते तर शेवट 14 फेब्रुवारीला. मध्ये यंत्र दोन दिवस बंद राहिले, तोंडात फोड आल्याने चार दिवस शेक थांबला, आणि 21 फेब्रुवारीला उपचार संपवला. त्या काळात सोमवार ते शुक्रवार असे 35 दिवस येतात. सहा वजा केले की 29 सह्या उरतात. 29 गुणिले 2 म्हणजे 58 ग्रे. सारांशात मात्र ठरवलेलेच 60 लिहिलेले. हीच नेहमीची चूक : दिलेल्या मात्रेऐवजी ठरवलेली मात्रा उतरवली जाते. ओळी मोजल्या की ती लगेच सापडते.

दोन ग्रेचा फरक क्षुल्लक वाटेल, पण खंडाची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. तोंड-घशाच्या कर्करोगात उपचार लांबला तर उरलेल्या पेशी मधल्या काळात वेगाने वाढू शकतात. इथे 40 दिवसांचा उपचार 47 दिवस चालला. रोग परत आला तर डॉक्टर हेच पाहतील. दुसऱ्यांदा शेक देताना मज्जारज्जूला आधी किती मात्रा लागली हे माहीत नसेल तर त्यांचे हात बांधले जातात, म्हणून त्या अवयवाचा आकडाही सारांशात मागा. जबड्याचाही मागा. शेक घेतलेल्या जबड्यातला दात काढल्यावर हाड न भरण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. म्हापशाच्या दंतवैद्याला चिमटा उचलण्याआधी तो आकडा हवा. मानेला शेक असेल तर थायरॉईडची तपासणी पुढेही करत राहावी लागते.

वाचताना एकक बघा. 6000 सेंटिग्रे आणि 60 ग्रे एकच. पण 60 ग्रे 30 वेळांत दिले की 20 वेळांत, यात शरीरावरचा परिणाम वेगळा होतो. त्यामुळे नुसता एकूण आकडा चालत नाही. शेवटचे काही शेक छोट्या भागाला वाढीव दिले असतील तर त्यांची नोंद स्वतंत्र हवी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर पोच देऊन 72 तासांत द्यायच्या असतात. पण नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन त्याच नियमांत दाखल रुग्णांपुरते लिहिले आहे, आणि शेक बहुतेकांना घरून ये-जा करूनच मिळतो. त्यामुळे ‘पुढे कधीतरी मागू’ म्हणू नका. अर्जात रुग्णाचे नाव, रेडिओथेरपी क्रमांक आणि तारखा लिहा, सारांशासोबत रोजच्या पत्रिकेची प्रतही मागा. नातेवाईक जाणार असेल तर रुग्णाच्या सहीचे अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेऊनच काउंटर सोडा.