आजचे चिंतन : लागलेला विनोद आणि आपले उत्तर



गीतेच्या सतराव्या अध्यायात पंधराव्या श्लोकात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे दुसऱ्याला अस्वस्थ करणारे नसावे, खरे असावे, प्रिय असावे आणि हिताचे असावे. या चार गोष्टी वेगवेगळ्या घेतल्या तर सोप्या वाटतात. नुसते खरे बोलायचे तर कुणीही बोलेल, नुसते गोडही कुणी बोलेल. चारही एकाच वाक्यात आणायच्या म्हटल्या की घाम फुटतो, आणि समोरच्याने चारचौघांत आपली चेष्टा केली असेल तर विचारूच नका. आज हे एका प्रत्यक्ष उदाहरणावर करून पाहू. उदाहरण एका ताईंचे आहे. त्यांच्या परवानगीने आणि तपशील थोडे बदलून लिहितो आहे.

ताईंचा दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तेवीस जणांचा. दिवाळीनंतर सगळ्यांनी भेटायचे ठरले आणि जेवणाची व्यवस्था ताईंनी अंगावर घेतली. त्यांनी खर्चाचा अंदाज टाकला. त्यावर त्यांच्या जुन्या मैत्रिणीने लिहिले, "हिच्या हातात हिशेब देऊ नका रे, खानावळीसारखं आपलं गेट-टुगेदरपण सहा महिन्यांत बंद पडेल!" खाली हसून लोळणारे चेहरे. पाच मिनिटांत अकरा जण हसले.

ताईंनी खानावळ काढली होती आणि ती चालली नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. तिच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, हे मात्र घराबाहेर कुणालाच माहीत नव्हते.

ताईंनी त्या रात्री लिहिलेले उत्तर असे होते :

"व्वा, छान. तुमच्याकडून हीच अपेक्षा होती. तू शाळेपासून कायम अशीच आहेस, दुसऱ्याचं हसं करायचं आणि आपण मोठं व्हायचं. तुझ्या मुलाचं वर्ष दोनदा गेलं तेव्हा मी एक अक्षर तरी बोलले का? आणि बाकीच्यांनाही दात काढताना लाज वाटायला हवी. मला कुणाची गरज नाही. गेट-टुगेदरचं तुमचं तुम्ही बघा. मी ग्रुप सोडतेय."

हे त्यांनी पाठवले नाही. सुदैवाने त्यांनी ते ग्रुपच्या चौकटीत लिहिलेच नव्हते, किराणाच्या यादीच्या वहीत लिहिले होते. ही सवय खरंच चांगली. ग्रुपमध्ये टाइप करायला लागलो की 'टायपिंग' असे समोर दिसते आणि बघणारे वाट पाहत बसतात. बोट चुकून लागले तर गेलेच. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण त्यावर दुरुस्तीची खूण राहते. सगळ्यांसाठी पुसला तरी पुसल्याची ओळ मागे उरते, आणि ती ओळ पाहून "काय लिहिलं होतं गं?" अशी चर्चा रंगते.

पण पहिला मसुदा फाडून टाकू नका. तो पाठवायचा नसला तरी वाचायचा जरूर आहे, कारण त्यातच काय दुखले याचा पत्ता असतो. ताईंना मी म्हटले, यातले आजच्या मेसेजबद्दलचे वाक्य कुठले, त्याखाली रेघ मारा. आठ वाक्ये होती. त्या दोन-तीन वेळा वाचत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, एकही नाही!"

आणि खरोखरच नव्हते. शाळा होती, मैत्रिणीचा मुलगा होता, हसणारे अकरा जण होते, ग्रुप सोडण्याची धमकी होती. खानावळ हा शब्दच नव्हता. जिथे लागले तिथे हात लावायला मन तयार नसते, म्हणून ते आजूबाजूला दगड भिरकावत सुटते. ज्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलो तेच वाक्य पहिल्या मसुद्यात नसते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून पहिले काम ते न लिहिलेले वाक्य लिहायचे. ताईंनी लिहिले, "खानावळ बंद पडली त्यावर सगळ्यांसमोर हसू झालं, ते मला लागलं." झाले. उत्तराचे बी मिळाले.

आता बाकीची वाक्ये श्लोकाच्या चार कसोट्यांवर घासून पाहू. "कायम अशीच आहेस" हे खरे नाही. याच मैत्रिणीने ताईंच्या सासूबाई आजारी असताना आठवडाभर डबा पोचवला होता. 'कायम' आणि 'नेहमी' असे शब्द आले की समोरचा माणूस मुद्दा सोडून अपवाद शोधायला लागतो, आणि सापडतोच. मुलाचे वाक्य खरे आहे, पण ते दुसऱ्याच्या जखमेवरचे आहे. ज्याने काहीच केले नाही अशा पोराला मध्ये ओढायचे कशाला? ते ग्रुपवर गेले असते तर खानावळीचा विनोद सगळे विसरले असते आणि ताईंनी काय लिहिले तेवढेच लक्षात राहिले असते. "मला कुणाची गरज नाही" हे तर उघड खोटे. गरज नसती तर इतके लागलेच नसते.

ताईंनी दुसरा मसुदा केला आणि मला वाटते सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. तो असा : "आपला विनोद फारच आवडला. आम्हाला काय हिशेबातलं कळतंय! आपणच बघा आता. धन्यवाद हं..." यात एकही कठोर शब्द नाही. ताईंना तो शांतच वाटत होता. पण आपल्या मराठीत राग शब्दांत कमी आणि सर्वनामांत जास्त असतो. तीस-पस्तीस वर्षे 'तू' म्हटलेल्या मैत्रिणीला अचानक 'आपण' म्हटले की ती थप्पडच. पहिल्या मसुद्यातही बघा, एका वाक्यात 'तुमच्याकडून' आणि पुढच्यात 'तू' आहे. तसाच तो छोटासा 'च'. "हीच अपेक्षा", "आपणच बघा". सगळा आरोप त्या एका अक्षरात भरलेला असतो. 'बरं का', 'धन्यवाद हं' आणि शेवटी सोडलेले तीन टिंब, ही मंडळीही त्याच घरची. मसुदा शांत झाला की नुसता टोमणा झाला, हे ओळखायचे तर तो मोठ्याने वाचावा. वाचताना नाकातून श्वास बाहेर पडत असेल, एखादी भुवई वर जात असेल, तर अजून टोमणा आहे.

मग प्रश्न आला, उत्तर द्यायचे कुठे? ताईंचे म्हणणे, विनोद ग्रुपवर झाला तर उत्तरही ग्रुपवरच. यात तथ्य आहे. काहीच बोललो नाही तर 'खानावळ' हे पुढे टोपणनावच होऊन बसते. पण मनातले सगळे ग्रुपवर लिहिले तर मैत्रिणीला बावीस जणांसमोर स्वतःची बाजू सावरावी लागते, आणि तशा वेळी माणूस माफी मागत नाही, आणखी एक विनोद करतो. म्हणून उत्तराचे दोन भाग केले. ग्रुपवर दोन ओळी आणि मनातले खाजगीत.

ग्रुपवर :

"अगं, खानावळीवर विनोद नको. ते मला अजून जड जातं. जेवणाचं म्हणाल तर माणशी साडेतीनशेत बसतंय, रविवारपर्यंत नावं कळवा."

शेवटचे वाक्य काढू नका असे मी त्यांना मुद्दाम सांगितले. अवघडलेल्या ग्रुपला पुढे काय बोलायचे ते कळत नाही. नावे कळवायचे काम दिले की सगळ्यांना वाट मिळते. शिवाय हिशेब आपल्याच हातात आहे हेही न बोलता ठरते. हप्त्यांचा उल्लेख मात्र नाही. आपले म्हणणे पटावे म्हणून घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची जरुरी नसते.

आणि मैत्रिणीला :

"अगं, मघाचा खानावळीचा विनोद मला लागला. तू दुखवायला केलास असं मी म्हणत नाही. पण ते सगळ्यांसमोर निघालं आणि मला काही बोलताच येईना. तो विषय ग्रुपवर परत नको. भेटलो की सांगेन सगळं."

यात त्यांनी आधी शेवटी "असो, सोड, एवढं काही नाही" असे लिहिले होते आणि एक हसरा चेहरा टाकला होता. दोन्ही काढायला लावले. सौम्यपणाच्या नावाखाली आपणच आपले वाक्य पुसतो, मग समोरच्याने ते मनावर घेतले नाही म्हणून परत रुसतो. श्लोकात प्रिय सांगितले आहे तसे खरेही सांगितले आहे.

"गंमत केली गं, तू पण ना!" असे उत्तर येऊ शकते. त्याची तयारी ठेवावी. तेव्हा गंमत होती की नव्हती या वादात शिरू नये. "गंमत होती, कळलं. तरी तो विषय नको," एवढे एकदाच म्हणावे आणि फोन ठेवून द्यावा. सांगूनही तोच विनोद पुन्हा पुन्हा होत असेल तर मसुदे सुधारून उपयोग नाही, ती माणसाची निवड आहे. मग अंतर ठेवायचे की नाही ते आपण ठरवायचे. विश्वासाने सांगितलेले गुपितच कुणी ग्रुपवर उघड केले असेल, तर आधी ॲडमिनला सांगून तो मेसेज काढून घ्यावा. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढण्याची सोय ॲडमिनकडे असते. उत्तराचे नंतर बघता येईल.

ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर दोन्ही मेसेज पाठवले. आधी मैत्रिणीला, मग ग्रुपवर, म्हणजे तिला ते आधी एकटीला कळावे. निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर दुपारपर्यंत नाही. ताईंनी मला दोनदा विचारले, "जास्त झालं का हो?" मी म्हटले, काही लिहू नका, थांबा. तीन वाजता खाजगीत एकच शब्द आला, "बरं." आणि थोड्या वेळाने ग्रुपवर, "माझं आणि ह्यांचं नाव धर. ह्यांना तिखट कमी."