छायाचित्रातील न वाचता आलेला मजकूर

पांढुर्णा व सौंसर या तहसिलींत शेतकऱ्याच्या ऋणपुस्तिकेचे पान पुष्कळदा मोबाईलवरील छायाचित्रातूनच वाचावे लागते. अशा छायाचित्रांत दोन दोष आढळतात.

पान तिरपे टिपल्यास दूरच्या कडेची अक्षरे बारीक व दाटलेली येतात. संगणकावर पान सरळ करता येते. परंतु पुसट अक्षर त्यामुळे ठळक होत नाही. चकाकीचा दोष याहून गंभीर होय. पांढऱ्या डागाखालील शाईची नोंद छायाचित्रात झालेलीच नसते. म्हणून चित्र गडद केल्यास डाग केवळ करडा दिसतो.

समजा, खसरा क्रमांक ‘११२/’ एवढाच दिसतो व पुढील अंक चकाकीत गेला आहे. ११२/१ व ११२/२ हे भिन्न खातेदारांचे तुकडे असू शकतात. तेथे अंदाज करणे चुकीचे ठरेल. ‘छायाचित्र अस्पष्ट’ एवढाच शेरा दिल्यास शेतकरी तसेच छायाचित्र पुन्हा पाठवील. त्याऐवजी पुढीलप्रमाणे कळवावे : “नाव व क्षेत्र वाचता आले. खसरा क्रमांकातील ‘११२/’ नंतरचा अंक चकाकीमुळे वाचता आला नाही. तेवढ्या भागाचे छायाचित्र पुन्हा पाठवावे.”

त्यासाठी पान प्लॅस्टिकच्या वेष्टनातून काढून सपाट ठेवावे, मोबाईल त्याच्या बरोबर वर समांतर धरावा, फ्लॅश बंद ठेवावा व उजेड बाजूने येऊ द्यावा. डाग तरीही उरल्यास पान थोडे फिरवून दुसरे छायाचित्र घ्यावे. डाग सरकतो व झाकलेला अंक उघडा पडतो.